साडेनऊ ते साडेपाच

"माझ्या धाकट्या जावेनं गेल्या महिन्यात घरातल्या वादानंतर रात्री साडेनऊला पॅरासिटामॉलच्या बऱ्याच गोळ्या एकदम घेतल्या. साडेदहाला तिनंच मला सांगितलं. दोन उलट्या झाल्या आणि मग ती अगदी ठीक होती, बोलत होती. सासरे म्हणाले, सकाळी बघू. मी ऐकलं नाही. अकराला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे एसजीपीटी २६ आला, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि 'लिव्हर नॉर्मल आहे, घरी न्या' म्हणाले. माझं मन मानेना, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पावणेदोनला रक्त घेतलं, सव्वातीनला सांगितलं की औषधाची पातळी १९० आहे, आणि साडेतीनला ड्रिप लावली, ती २१ तास! पहिल्याच तासात तिला लाली आणि खाज आली, तरी थोडा वेळ थांबवून पुन्हा तीच ड्रिप. इंजेक्शनला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. शेवटी सगळे रिपोर्ट चांगलेच आले. आता घरात सगळे म्हणतात की काही झालंच नव्हतं, मोठ्या हॉस्पिटलानं आजार बनवला आणि पोलिसांत नाव गेलं ते वेगळंच. मी उगाच धावपळ केली का?"

— थोरली जाऊ, इंदूर

ताई,

उगाच केली नाहीत. पण घरातल्यांचा प्रश्नही टाकून देण्यासारखा नाही. सुरुवातीला रिपोर्ट चांगला, शेवटीही चांगला, मग मधले २१ तास कशासाठी? याचं उत्तर त्या रात्रीच्या घड्याळात आहे, म्हणून घड्याळ धरूनच बघू.

आधी अकरा वाजताचा तो २६ चा आकडा. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत असणारं एन्झाइम आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं आणि आकडा चढतो. म्हणजे ही तपासणी झालेलं नुकसान मोजते, होऊ घातलेलं नाही. पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे नुकसान दिसायला बहुधा २४ तास लागतात. पहिल्या दिवशी माणसाला मळमळ, उलटी, थोडा घाम एवढंच होतं, आणि पुष्कळांना तेवढंही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं आणि एसजीपीटी शेकड्यांत, हजारांत जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, भ्रम, मूत्रपिंडं बसणं हे सगळं येतं. गोळ्या घेतल्यानंतर दीड तासानं एसजीपीटी नॉर्मल येणं हे जवळजवळ ठरलेलंच असतं. सुरुवातीची नोंद म्हणून तो करायला हरकत नाही, पण त्यावर 'घरी न्या' म्हणणं चूक होती, आणि ती धोकादायक चूक होती. जाऊबाई 'अगदी ठीक' दिसत होत्या त्याचाही अर्थ तेवढाच. या विषबाधेत पहिल्या दिवशी बरं वाटणं ही बरं होण्याची खूण नाही.

आत काय चाललेलं असतं? नेहमीच्या मात्रेत यकृत बहुतेक पॅरासिटामॉल सरळ मार्गानं निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. अगदी थोडा भाग आडवाटेनं जातो आणि त्यातून एक जहाल पदार्थ बनतो. यकृतात ग्लुटाथिऑन नावाचा साठा असतो, तो या पदार्थाला तिथल्या तिथे निकामी करतो. गोळ्या फार झाल्या की सरळ वाट तुंबते, आडवाटेवरचा पदार्थ वाढतो आणि ग्लुटाथिऑन खर्ची पडत जातं. ते बरंचसं संपलं की तो पदार्थ यकृताच्या पेशींनाच चिकटतो आणि त्या मरू लागतात. हा साठा एकदम संपत नाही, त्याला काही तास लागतात, आणि उपचाराची सगळी संधी त्या तासांत आहे. जाऊबाईंना लावलेल्या ड्रिपमधलं औषध म्हणजे ॲसिटाइलसिस्टीन. ते शरीरात गेलं की त्यातून सिस्टीन मिळतं आणि यकृत त्यापासून नवं ग्लुटाथिऑन बनवतं. साठा संपण्याआधी भर पडली तर पेशी वाचतात.

गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत ही ड्रिप सुरू झाली तर यकृताचं गंभीर नुकसान जवळजवळ टळतं. त्यानंतर जसजसा उशीर होतो तसतसं संरक्षण कमी होत जातं. तुमच्या घरी ८ तास भरणार होते पहाटे साडेपाचला. ड्रिप लागली साडेतीनला, म्हणजे सहाव्या तासाला. 'सकाळी बघू' म्हणून नऊला ओपीडी गाठली असती तर साडेअकरा तास झाले असते, आणि नंबर, तपासणी, रिपोर्ट यांत आणखी तीन-चार तास गेले असते.

आता तुम्हाला वाटलं असेल की मोठ्या हॉस्पिटलात पोचल्याबरोबर औषध न देता आधी रक्त आणि मग दीड तास वाट, हे कशाला? गोळ्या पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो. पहिल्या चार तासांत पातळी चढतीही असू शकते, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यावरून धोका किती हे ठरवता येत नाही. नर्सिंग होममध्ये अकराला पातळी काढली असती आणि ती कमी आली असती, तरी तिचा भरवसा धरता आला नसता. म्हणून नमुना चार तास पूर्ण झाल्यावर घेतात. तुमच्याकडे पावणेदोनला घेतला, म्हणजे सव्वाचार तासांनी. अगदी वेळेवर.

त्या आकड्याची तुलना एका आलेखाशी करतात. रुमॅक आणि मॅथ्यू या दोघांनी तो १९७५ साली मांडला. आडव्या रेषेवर गोळ्या घेतल्यापासूनचे तास, उभ्या रेषेवर रक्तातली पातळी, आणि मधून खाली उतरत जाणारी उपचाराची रेघ. चौथ्या तासाला ही रेघ १५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरवर असते आणि दर चार तासांनी निम्मी होते, म्हणजे आठव्या तासाला ७५, बाराव्याला साधारण ३७. सव्वाचार तासांना ती १४४ च्या आसपास येते. जाऊबाईंचा आकडा १९०. म्हणजे त्या रेघेच्या बऱ्याच वर होत्या, आणि उपचार द्यायचा की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. ब्रिटनमध्ये तर २०१२ पासून ही रेघ आणखी खाली, चौथ्या तासाला १०० वर धरतात.

सासऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. रेघेच्या वर असलेल्या प्रत्येकाचं यकृत बिघडतंच असं नाही. काही जण औषधाशिवायही निभावून जातात. पण कोण निभावेल आणि कोण नाही हे त्या रात्री सांगणारी तपासणी नाही, आणि तिसऱ्या दिवशी कळतं तेव्हा ते आठ तास मागे पडलेले असतात. शेवटचे रिपोर्ट चांगले आले म्हणून औषध वाया गेलं असं वाटतं. खरं तर ते वेळेवर दिलं की रिपोर्ट असेच यायला हवेत.

आलेखाची एक अट आहे, ती तुमच्यासारख्या इतर वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. गोळ्या एकाच वेळी घेतलेल्या हव्यात आणि ती वेळ माहीत हवी. घरच्यांनी 'दहा-साडेदहा असेल' असं अंदाजानं सांगितलं आणि खरी वेळ साडेनऊ असेल, तर आकडा चुकीच्या तासावर मांडला जातो. पुढे जाऊन रेघेच्या वरचा माणूस खालचा ठरू शकतो. वेळ नक्की नसेल तर 'नऊला जेवलो तेव्हा ठीक होती, साडेदहाला पाकिटं दिसली' असं जसंच्या तसं सांगा. डॉक्टर उपचारासाठी सर्वांत लवकरची वेळ धरतात. रिकामी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या, कारण गोळी ५०० ची की ६५० ची, साधी की सावकाश विरघळणारी, की सर्दीच्या मिश्र औषधातली, हे त्यावरूनच कळतं. सावकाश विरघळणारी असेल तर एक नमुना पुरत नाही, काही तासांनी दुसरा घ्यावा लागतो.

जिथे ही पातळी मोजण्याची सोय नाही, किंवा नमुना बाहेरच्या लॅबला जाऊन रिपोर्ट दुपारी येणार आहे, तिथे काय करायचं? ८ तास भरत आले असतील आणि गोळ्यांचा हिशेब काळजी करण्यासारखा असेल, तर रिपोर्टची वाट न बघता ड्रिप सुरू करायची. पातळी नंतर रेघेखाली आली आणि बाकीच्या तपासण्याही ठीक असल्या तर थांबवता येते. नातेवाइकांनी हा प्रश्न मोकळेपणानं विचारावा: "गोळ्या घेतल्याची वेळ ही आहे, आठ तास अमुक वाजता भरतात, तोवर रिपोर्ट येईल का? नाही आला तर औषध सुरू करणार का?" हा प्रश्न कुठल्याही डॉक्टरला उद्धट वाटणार नाही.

२१ तासांचा हिशेब असा. जाऊबाईंचं वजन ५२ किलो धरू. औषध वजनावर देतात, म्हणून अंदाज न करता खरंच वजन करायला हवं. पहिली बाटली किलोला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ७८०० मिलिग्रॅम, २०० मिलिलिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, एका तासात. दुसरी किलोला ५०, म्हणजे २६०० मिलिग्रॅम, ५०० मिलिलिटरमध्ये, चार तासांत. तिसरी किलोला १००, म्हणजे ५२०० मिलिग्रॅम, एका लिटरमध्ये, सोळा तासांत. एकूण १५.६ ग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनाचे ७८ मिलिलिटर झाले, म्हणजे १० मिलिलिटरचे आठ अँप्यूल. मेडिकलवरून एवढे अँप्यूल आणायला सांगितले की लुबाडल्यासारखं वाटतं, पण हिशेब खरा आहे. काही हॉस्पिटलांत पहिल्या दोन बाटल्या एकत्र करून चार तासांत देतात. तीही मान्य पद्धत आहे.

एवढं लांबवायचं कारण असं की पॅरासिटामॉल रक्तातून जायला वेळ घेतं आणि तोवर तो जहाल पदार्थ बनतच राहतो. तो बनत आहे तोपर्यंत ग्लुटाथिऑनची भर चालू राहायला हवी. बाराव्या तासाला 'आता बरी आहे' म्हणून सही करून घरी नेणं म्हणजे साठा पुन्हा रिकामा पडण्याची वाट मोकळी करणं.

वासाबद्दल निश्चिंत राहा. ॲसिटाइलसिस्टीनमध्ये गंधक असतं आणि त्याचा वास तसाच असतो. उघडल्यावर ते किंचित जांभळटही दिसू शकतं. औषध खराब नव्हतं.

लाली आणि खाज मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण याच टप्प्यावर पुष्कळ घरचे औषध कायमचं बंद करायला लावतात. पहिल्या तासात एकूण औषधाचं अर्ध औषध आत जातं. त्या वेगामुळे काहींच्या शरीरातून हिस्टामीन सुटतं आणि चेहरा लाल होणं, पित्त उठल्यासारख्या गांधी, खाज, क्वचित धाप लागणं किंवा रक्तदाब उतरणं असं होतं. ही नेहमीच्या अर्थाची ॲलर्जी नव्हे, वेगाशी जोडलेली प्रतिक्रिया आहे. ड्रिप थांबवायची, गरज वाटली तर ॲलर्जीविरोधी इंजेक्शन द्यायचं आणि खाज-लाली ओसरली की कमी वेगानं पुन्हा सुरू करायची. तुमच्याकडे नेमकं हेच झालं. दम्याच्या रुग्णांत त्रास जास्त होऊ शकतो, म्हणून दमा असेल तर आधीच सांगावं. तरीही दमा हे औषध न देण्याचं कारण ठरत नाही. ड्रिप चालू असताना छाती घट्ट वाटली, श्वासाला शिट्टी आली किंवा ओठ सुजले तर सकाळच्या राउंडची वाट न बघता त्याच क्षणी नर्सला हाक मारा.

शेवटच्या बाटलीनंतर पुन्हा रक्त घेतात ते बिल वाढवायला नाही. एसजीपीटी, रक्त गोठण्याचा आयएनआर, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि पॅरासिटामॉलची पातळी या चार आकड्यांवर ड्रिप थांबवायची की नाही ते ठरतं. पातळी जवळजवळ शून्य, एसजीपीटी नॉर्मल आणि आयएनआर ठीक असेल तर थांबवायची. या औषधानं आयएनआर स्वतःही किंचित वाढतो, म्हणून एकट्या १.२-१.३ च्या आकड्यानं घाबरू नये. एसजीपीटी चढत असेल किंवा पातळी अजून उरली असेल तर तिसऱ्या बाटलीच्या वेगानं औषध पुढे चालू ठेवतात, कधी दोन-तीन दिवसही.

उशीर झालेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आठ तास उलटले म्हणजे दार बंद झालं असं नाही. बारा, वीस, चोवीस तासांनीही, कावीळ दिसू लागल्यावरही, हे औषध द्यायचं असतं. लंडनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृत निकामी होऊ लागलेल्या रुग्णांतही त्यानं मृत्यू कमी झाले होते. आठ तासांचा नियम लवकर निघण्यासाठी आहे, उशीर झाला म्हणून घरी बसण्यासाठी नाही.

तुमच्या घरी त्या रात्री सुदैवानं कुणी मिठाचं पाणी पाजलं नाही. ते कुणीही करू नये. त्यानं रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर दुसरंच संकट. उलटी झाली म्हणजे गोळ्या निघून गेल्या असंही समजू नये. पहिल्या एक-दोन तासांत पोचलं तर हॉस्पिटलात सक्रिय कोळसा पाजून गोळ्यांचं शोषण कमी करता येतं. लवकर पोचण्याचा हा आणखी एक फायदा, आणि साडेदहाला सरळ मोठ्या हॉस्पिटलात गेला असतात तर त्याचा विचार करता आला असता. मेडिकलवर कफासाठी ॲसिटाइलसिस्टीनच्या विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या घरी देऊन भागेल असं समजू नका. तोंडानं देण्याची पद्धत आहे, पण ती मोजून, दर चार तासांनी, तीन दिवस आणि देखरेखीखाली.

हा धोका फक्त मुद्दाम गोळ्या घेणाऱ्यांना नाही. दाढ ठणकते म्हणून एक गोळी, तापाला दुसरी, सर्दीला मिश्र गोळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल, असं दोन-तीन दिवस चाललेला माणूसही यात येतो. त्याला तो आलेख लागू पडत नाही, कारण घड्याळ सुरू कुठून करायचं हेच ठरत नाही. अशा रुग्णांत पातळी आणि एसजीपीटी दोन्ही लगेच बघून उपचार ठरवतात. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेपेक्षा जास्त गेलं असेल आणि मळमळ किंवा पोटात दुखत असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवावं.

कुठे जायचं? इंदूरला एम.वाय., ग्वाल्हेरला जयारोग्य, वडोदऱ्याला सयाजी, किंवा रात्रभर कॅज्युअल्टी आणि लॅब चालू असलेलं कुठलंही मोठं खाजगी हॉस्पिटल. मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्हीकडे १०८ लागतो. निघताना फोन करून एवढंच विचारा: पॅरासिटामॉलची पातळी होते का आणि ॲसिटाइलसिस्टीनचं इंजेक्शन आहे का. फोन लागला नाही तर थांबू नका, निघा.

पोलिसांचं. अशा वेळी हॉस्पिटल वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतं, ती त्यांची नेहमीची रीत आहे. त्याचा अर्थ जाऊबाईंवर गुन्हा असा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ वं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलं नाही. शिवाय पोलिसांची केस आहे म्हणून पहिला उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे. या भीतीनं रात्रीचे तीन तास घालवणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून एवढं सविस्तर.

आता जाऊबाई. 'काही झालंच नव्हतं' हे वाक्य घरात फिरतंय, ते त्यांच्याही कानावर पडतं, आणि त्यातून त्यांना ऐकू येतं की त्यांचं दुःखही नव्हतंच. हा विषय झाकू नका. डिस्चार्जच्या कागदावर मानसोपचाराची पुढची तारीख असेल तर ती पाळा, नसेल तर घ्या, आणि त्या म्हणाल्या तर सोबत जा. घरातल्या गोळ्या थोड्याच ठेवा आणि त्या तुमच्या ताब्यात असू द्या. पुन्हा तसे विचार येतात का, हे त्यांना एकांतात, सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं विचार येत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि विनामूल्य आहे. तो त्यांच्या फोनमध्ये घाला, तुमच्याही.

आणि त्या रात्री गोळ्या घेतल्यावर तासाभरात त्या स्वतः तुमच्याकडे आल्या. साडेपाचच्या आत ड्रिप लागली ती तिथून. हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.